‘ऑप’ मागेच राहतो: डच वाक्यरचनेचं एक प्रकरण

“मॉर्खन इक ऑपबेल मेइन मूदर.”

वहीत हे वाक्य निळ्या शाईत होतं आणि पुढे तिनेच कंसात लिहिलं होतं, ‘उद्या मी आईला फोन करीन’. शब्द पाचच, पाचही बरोबर. मॉर्खन म्हणजे उद्या, इक म्हणजे मी, ऑपबेलन म्हणजे फोन करणे, मेइन मूदर म्हणजे माझी आई. तरीही वाक्य दोन ठिकाणी मोडलेलं होतं, आणि नेमक्या त्याच दोन ठिकाणी तिची पुढची दहा वाक्यंही मोडत होती.

ती म्हणजे माझ्या धाकट्या चुलतभावाची बायको. ती सांगलीला, मी नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेनला. भावाने डच नागरिकत्व घेतलंय, त्यामुळे तिला इकडे यायचं तर आधी परदेशातली नागरी एकात्मता परीक्षा, इकडच्या भाषेत ‘बाझिसएक्झामन इनबर्खरिंग’, द्यावी लागणार होती. 2006 पासून ही अट आहे. नवरा कुशल कामगाराच्या परवान्यावर आलेला असेल तर बायकोला ती लागत नाही. त्यामुळे इकडच्या ओळखीच्या घरांतून तिला कुणी अनुभवी सापडेना, आणि शेवटी “ताई, तुम्हीच बघा” म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. परीक्षेचे तीन भाग असतात: डच समाजाची माहिती, वाचन आणि बोलणं. पातळी ए-वन, म्हणजे सर्वांत खालची पायरी. माहितीचा भाग तिने पाठ केला होता, वाचनही जमत होतं. अडत होतं ते बोलण्यात.

बोलण्याच्या भागात दोन प्रकार असतात. एकात साधा प्रश्न ऐकायचा आणि उत्तर द्यायचं. दुसऱ्यात वाक्याची सुरुवात दिलेली असते, ते आपण पुरं करायचं. संगणकासमोर हेडफोन लावून बसायचं आणि आपलं उत्तर रेकॉर्ड होतं. हा दुसरा प्रकार लक्षात ठेवा. वाक्याचा पहिला शब्द दुसऱ्याने ठरवून दिला की पाठ केलेली वाक्यं कामाला येत नाहीत. ‘इक बेल...’ने सुरू होणारं वाक्य तुम्ही घोकलेलं असतं, आणि पडद्यावर ‘मॉर्खन...’ येऊन बसतं.

या लेखात डच वाक्यं मी देवनागरीतच ठेवली आहेत, कारण तिच्या वहीत ती तशीच होती आणि परीक्षेचा हा भाग कानातोंडाचा होता. डच ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या दंत्य त-द यांच्याच जवळ जातात, ट-ड यांच्या नाही. मराठी माणसाला ही फुकटची सोय आहे. घशातून काढायचा जो आवाज आहे तो ‘ख’ने लिहिलाय. त्यामुळे ‘इक खा’ म्हणजे ‘मी जाते’. पहिल्या दिवशी तिने विचारलं, काय खाऊ? आणि ‘तीन’ म्हणजे डचमध्ये दहा. तीन वाजताची म्हणून तुम्ही दहाची गाडी चुकवाल, तेव्हा हा एक शब्द पक्का करून ठेवा.

वहीत काय सापडलं

मी तिला चोवीस सुरुवाती दिल्या आणि व्हॉट्सॲपवर एकेक उत्तर बोलून पाठवायला सांगितलं. द-हेत या उपपदांच्या चुका मी मुद्दाम मोजल्याच नाहीत. त्या चुकल्या तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, आणि एका वेळी एकच भोक बुजवावं. फक्त क्रियापद कुठे बसलंय ते बघितलं. चोवीसपैकी पंधरा वाक्यांत ते चुकीच्या जागी होतं.

पंधरांमधल्या काही चुका अशा होत्या. ‘मॉर्खन इक...’ असं सुरू केलं की क्रियापद तिसऱ्या जागी जायचं. ऑपबेलन, मेनेमन, आनकोमन अशी जोडक्रियापदं एकसंध राहायची: ‘इक ऑपबेल’, ‘इक मेनेम’. कधी ती तोडायची, पण तुकडा लगेच मागे चिकटवायची: ‘इक बेल ऑप मेइन मूदर’. आणि जायची जागा आधी, वेळ नंतर: ‘इक खा नार यूत्रेख्त मॉर्खन’.

शेवटच्या चुकीवर मी अडले. मराठीत आपण ‘मी जाते युत्रेख्तला उद्या’ असं कुठे म्हणतो? ‘मी उद्या युत्रेख्तला जाते’ म्हणतो. वेळ आधी, जागा नंतर. डचमध्येही तसंच: ‘इक खा मॉर्खन नार यूत्रेख्त’. मग ही उलटापालट आली कुठून?

“वाक्य मनात कसं तयार करतेस?” मी विचारलं.

“आधी इंग्लिशमध्ये. ॲपमध्ये सगळं इंग्लिशमधूनच शिकवलंय ना.”

तिथे गाठ सापडली. बाई मराठी माध्यमात शिकलेली, पतसंस्थेत हिशेब बघणारी. मनातली मराठी आधी अडखळत इंग्रजीत उतरवायची आणि मग ती इंग्रजी डचमध्ये. ‘आय कॉल अप माय मदर’ असा विचार केला की ‘इक बेल ऑप मेइन मूदर’ निघणारच. ‘टुमॉरो आय कॉल’ म्हटलं की ‘मॉर्खन इक बेल’ येणारच. चुका डचच्या नव्हत्या, मधल्या दलालाच्या होत्या.

क्रियापदाचं खरं घर

भाषाशिक्षक सहसा ‘मातृभाषेतून विचार करू नका’ असं बजावतात. डचच्या बाबतीत मराठी माणसाला मी नेमकं उलटं सांगते. 1975 मध्ये यान कॉस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने असं मांडलं की डचचा मूळ क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा आहे. म्हणजे क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं. साध्या मुख्य वाक्यात क्रियापदाचा जो भाग ‘मी, तू, तो’प्रमाणे बदलतो तेवढाच शेवटून उचलून दुसऱ्या जागी आणून ठेवला जातो. उरलेलं सगळं शेवटीच राहतं.

हे एकदा पटलं की जोडक्रियापदांचं गूढ राहत नाही. ‘ऑप’ वाक्याच्या शेवटी फेकला जातो असं पुस्तकं सांगतात. तो फेकला बिकला जात नाही. तो आपल्या घरीच असतो, गेलेलं असतं ते ‘बेलन’.

आणि ही जोडक्रियापदं मराठी कानाला परकी नाहीतच. स्खोनमाकन घ्या. स्खोन म्हणजे साफ, माकन म्हणजे करणे. साफ करणे. दोन्हीकडे क्रम तोच. मेनेमन: मे म्हणजे बरोबर, नेमन म्हणजे घेणे. बरोबर घेणे. तरुखकोमन: परत येणे. मेखान: बरोबर जाणे. बिननकोमन: आत येणे. इंग्रजीत ‘कम बॅक’, ‘टेक अलाँग’ असं क्रियापद पुढे आणि शेपूट मागे. मराठीत आणि डचच्या शब्दकोशातल्या रूपात शेपूट पुढे, क्रियापद मागे. ही यादी दाखवली तेव्हा ती म्हणाली, “मग हे आपलंच आहे की.” आपलं नाही, पण शेजारचं घर म्हणावं इतकं जवळ.

चिठ्ठ्यांचा रिवाज

आता रोजचं काम. माझे संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात तिकडे साडेनऊ. रोज वीस मिनिटं. तिच्याकडे लग्नातल्या उरलेल्या पत्रिका होत्या. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या केल्या, एका चिठ्ठीवर एक शब्द किंवा एक गट. ‘मेइन मूदर’ हा एक गट, ‘ऑम झेवन यूर’ म्हणजे ‘सात वाजता’ हाही एकच गट. जोडक्रियापदाच्या चिठ्ठीवर जोडापाशी पेन्सिलीने रेघ मारायची: ऑप|बेलन.

एक वाक्य पुरं करून दाखवते. ‘मी आज घर साफ करते.’

आधी मराठी वाक्य जसं येतं तसंच म्हणायचं. सजवायचं नाही, फक्त क्रियापद मूळ रूपात ठेवायचं: मी – आज – घर – साफ करणे. मग त्याच क्रमाने डच चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या: इक – फानदाख – हेत हाउस – स्खोन|माकन. हे अजून डच वाक्य नाही, पण क्रम जवळजवळ तयार आहे.

आता विचारायचं, ‘इक’मुळे कुठला तुकडा बदलणार? स्खोन बदलत नाही. साफ ते साफच, मी करो की तू. बदलतो तो माकन. तेव्हा रेघेवर चिठ्ठी फाडायची. खरोखर फाडायची, आणि हे मी सोडू दिलं नाही. स्खोन टेबलावर शेवटी जिथे आहे तिथेच. माकनचं ‘माक’ करायचं आणि ते उचलून पहिल्या चिठ्ठीच्या मागे, दुसऱ्या जागी ठेवायचं. बाकीच्या चिठ्ठ्या आपसूक सरकतात.

इक – माक – फानदाख – हेत हाउस – स्खोन.

झालं वाक्य. ‘फानदाख’ कर्माच्या आधी आहे, कारण मराठीतही ‘आज’ आधी आहे. तिला त्यासाठी वेगळा नियम शिकवावा लागला नाही.

उरतं पहिल्या जागेचं. तिथे एकच गट बसतो, तो कर्ता असलाच पाहिजे असं नाही. ‘आज’वर भर द्यायचा असेल, किंवा पडद्यावर सुरुवात म्हणून ‘फानदाख’ दिलं असेल, तर फानदाखची चिठ्ठी पहिल्या जागी जाते. दुसरी जागा क्रियापदाचीच राहते. ती राखीव आहे. मग बिचाऱ्या ‘इक’ने कुठे जायचं? क्रियापदाच्या लगेच मागे.

फानदाख – माक – इक – हेत हाउस – स्खोन.

तिने याला पंगतीचं नाव दिलं. पहिल्या पाटावर पाहुणा कुणीही बसो, दुसरा पाट जावयाचा. पाहुणा आला म्हणून यजमान उठून तिसऱ्या पाटावर, पण जावई हलत नाही. मला ही उपमा थोडी मानपानाची वाटली, पण तिच्या डोक्यात बसली म्हणून राहू दिली.

व्यक्तीप्रमाणे बदल ए-वनला फार नाहीत. ‘इक’बरोबर नुसता गाभा: बेल, माक, नेम. ‘तू’ आणि ‘तो-ती’बरोबर शेवटी त: बेल्त, माक्त, नेम्त. अनेकवचनात मूळ रूपच. एकच खोड आहे: ‘तू’साठीचा ‘य’ क्रियापदाच्या मागे गेला की तो त गळतो. ‘य बेल्त’, पण ‘मॉर्खन बेल य’. ‘तो’ मागे गेला तर त गळत नाही. आणि होय-नाहीचा प्रश्न विचारायचा तर पहिला पाट रिकामा सोडायचा, क्रियापदच पुढे येतं: ‘कोम्त द त्रेइन ऑम तीन यूर आन?’ गाडी दहा वाजता येते का? आन, म्हणजे आनकोमनचा राहिलेला तुकडा, इथेही शेवटीच.

फाडू नये अशा चिठ्ठ्या

पाचव्या-सहाव्या दिवशी नवीन रोग आला. फाडायची इतकी सवय लागली की बाई सगळंच फाडायला लागली. ‘बतालन’ म्हणजे पैसे देणे. तिने त्याचे ‘ब’ आणि ‘तालन’ केले आणि ‘इक ताल द कॉफी ब’ असं काहीतरी पाठवलं. ऐकून मी हसले, पण चूक माझी होती. कुठे रेघ मारायची आणि कुठे नाही हे मी सांगितलंच नव्हतं.

खूण कानात आहे. ऑपबेलन म्हणताना जोर पहिल्या ‘ऑप’वर येतो. मेनेमनमध्ये ‘मे’वर, स्खोनमाकनमध्ये ‘स्खोन’वर. जोर पुढच्या तुकड्यावर असेल तर तो तुटतो. बतालनमध्ये जोर ‘ता’वर आहे, ‘ब’ कसाबसा उच्चारला जातो. तो तुटत नाही. फरखेतन म्हणजे विसरणे, जोर ‘खे’वर, तुटत नाही. ब, ख, हेर, ऑन्त, फर या सुरुवाती कधीच तुटत नाहीत, एवढी पाच पाठ करून टाकावीत. ऑप, आन, आउत, इन, मे, तरुख यांनी सुरू होणारे शब्द ए-वनला भेटतात ते जवळपास सगळे तुटतात. ऑफर, फोर, ऑन्दर ही मंडळी मात्र दोन्हीकडची. ‘ऑफरस्तापन’ म्हणजे गाडी बदलणे, जोर ‘ऑ’वर, तुटतं: ‘इक स्ताप इन यूत्रेख्त ऑफर’. तर ‘फोरकोमन’ हा एकच शब्द जोर पुढे असेल तर ‘घडणे, आढळणे’ आणि तुटतो, जोर ‘को’वर असेल तर ‘टाळणे’ आणि तुटत नाही. हा दुसरा तिच्या परीक्षेच्या बाहेरचा होता. सांगून सोडून दिला.

त्यानंतर नवीन क्रियापद आलं की ती आधी मोठ्याने दोनदा म्हणायची, टेबलावर बोट आपटून जोर कुठे येतो ते बघायची, मगच पेन्सिल उचलायची.

मराठीची फसवणूक

दुसऱ्या आठवड्यात इंग्रजी चुका बऱ्याच ओसरल्या आणि त्यांच्या जागी मराठी चुका आल्या. हे व्हायचंच होतं. त्यातल्या दोन सांगण्यासारख्या.

एक, कर्ता गायब. ‘मॉर्खन बेल मेइन मूदर ऑप.’ मराठीत ‘उद्या आईला फोन करीन’ म्हटलं की ‘मी’ आपोआप कळतो, ‘करीन’मध्येच तो बसलाय. डचमध्ये ‘बेल’वरून काहीच कळत नाही, आणि वरच्या वाक्याला तर भलताच अर्थ लागू शकतो: क्रियापद पुढे ठेवून केलेली आज्ञा, ‘उद्या माझ्या आईला फोन कर’. उपाय एवढाच केला की कर्त्याच्या चिठ्ठ्या पत्रिकेच्या लाल बाजूच्या केल्या. टेबलावर लाल चिठ्ठी नसेल तर वाक्य बोलायचं नाही.

दोन, नकार. मराठीत ‘नाही’ क्रियापदाच्या मागे येतो, म्हणून तिने ‘इक बेल मेइन मूदर ऑप नीत’ असं केलं. डचमध्ये ‘नीत’ शेवटी उरलेल्या तुकड्याच्या अगदी आधी बसतो: ‘इक बेल मेइन मूदर नीत ऑप’. त्यासाठी मी तिला सांगितलं की शेवटच्या तुकड्याला घराचं दार समज, नीत दाराशी उभा राहतो, बाहेर नाही. मेखानचंही तसंच: ‘इक खा नीत मे’, मी बरोबर येत नाही.

नकाराचे डचमध्ये आणखीही प्रकार आहेत, ‘खेन’ वगैरे. ते वेगळं प्रकरण आहे.

वान्त आणि ऑमदात

वाक्य पुरं करण्याच्या सरावात मी तिला मुद्दाम एकाच अर्थाच्या दोन सुरुवाती दिल्या. ‘मी बरोबर येत नाही, कारण...’ यातल्या ‘कारण’साठी डचमध्ये दोन शब्द आहेत, वान्त आणि ऑमदात. मराठीत एकच, म्हणून ती दोन्हीकडे तेच वाक्य लावत होती.

वान्तच्या मागे साधं मुख्य वाक्य येतं, जणू नव्याने सुरुवात: ‘इक खा नीत मे, वान्त इक बेन झीक.’ बेन म्हणजे आहे, झीक म्हणजे आजारी. वान्त स्वतः कुठलाच पाट अडवत नाही. इक पहिला, बेन दुसरा.

ऑमदातच्या मागे क्रियापद उचलायचंच नाही: ‘इक खा नीत मे, ऑमदात इक झीक बेन.’ इक झीक बेन. मी आजारी आहे. शब्दाला शब्द मराठी! मी तिला म्हटलं, ऑमदात दिसलं की चिठ्ठ्या मांडायच्या आणि हात मागे घ्यायचा. फाडायचं नाही, उचलायचं नाही, फक्त शेवटच्या चिठ्ठीचं रूप बदलायचं. जोडक्रियापदही अखंड राहतं: ‘ऑमदात इक ऑम झेवन यूर ऑपस्ता’, कारण मी सात वाजता उठते. तिने वहीत याला ‘आयतं वाक्य’ असं नाव दिलं होतं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना डचची जी गोष्ट सर्वांत जड जाते, ती हिला सर्वांत सोपी गेली.

‘आल्स’, म्हणजे ‘जर’ किंवा ‘जेव्हा’, हाही ऑमदातच्याच जातीचा. त्यात एक गंमत आहे. ‘आल्स हेत रेखन्त, ब्लेइफ इक ताउस’, पाऊस पडला तर मी घरी राहते. इथे ‘आल्स हेत रेखन्त’ हा पूर्ण तुकडा मिळून पहिल्या पाटावर बसलाय. म्हणून त्याच्या लगेच मागे ब्लेइफ, आणि मग इक. या वाक्यावर तिची दोन संध्याकाळ गेली. शेवटी आल्सच्या सगळ्या चिठ्ठ्यांना यू-पिन लावली, त्या एकच गठ्ठा झाल्या आणि गठ्ठा पहिल्या जागी ठेवला. पुढचं मग नेहमीचंच.

आणि ‘विल’, ‘कान’, ‘मूत’ म्हणजे ‘हवं आहे’, ‘येतं’, ‘लागतं’ हे शब्द आले की व्यक्तीप्रमाणे बदलतात ते तेच. म्हणून दुसऱ्या पाटावर तेच जातात आणि मूळ क्रियापद शेवटी जसंच्या तसं राहतं: ‘इक विल मॉर्खन मेइन मूदर ऑपबेलन’. फाडायला काहीच नाही. परीक्षेत घाबरायला झालं आणि तोडायचं कुठे ते सुचेना, तर ‘इक विल’ने वाक्य सुरू कर, हा चोरदरवाजा मी तिला सांगून ठेवला होता. अर्थात सुरुवात दिलेली नसेल तिथेच तो चालतो. भूतकाळातलं ‘ऑपखबेल्त’, ज्यात मधोमध ख शिरतो, तेवढं ऐकून ओळखता येईल इतपतच केलं.

स्टेशनवरची उद्घोषणा

एकदा तिने मला कोंडीत पकडलं. सरावासाठी ती इंटरनेटवर डच स्टेशनांचे व्हिडिओ बघायची. “ताई, तुम्ही म्हणता शेवटचा तुकडा शेवटी. मग या वाक्यात ‘आन’च्या मागे ‘ऑप स्पोर फेइफ’ कसं?” स्पोर फेइफ म्हणजे पाचवा फलाट. ‘द त्रेइन कोम्त आन ऑप स्पोर फेइफ.’

वाक्य बरोबर आहे. ऑप, इन, नार, मेत अशा शब्दांनी सुरू होणारा गट डच लोक कधीकधी शेवटच्या तुकड्याच्याही मागे सोडून देतात. ‘मेइन मूदर’ किंवा ‘हेत हाउस’ असं नुसतं कर्म मात्र तसं सोडता येत नाही. म्हणजे ‘इक बेल ऑप मेइन मूदर’ चूकच, पण ‘कोम्त आन ऑप स्पोर फेइफ’ बरोबर. मी तिला सांगितलं की ऐकलंस तर दचकू नकोस, पण स्वतः बोलताना तुकडा शेवटीच ठेव. तशी चूक होत नाही: ‘द त्रेइन कोम्त ऑप स्पोर फेइफ आन’ हेही अगदी शुद्ध डच आहे. शिकणाऱ्याने दोनांतली एक वाट धरावी.

चिठ्ठ्या गेल्या

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी चिठ्ठ्या बंद केल्या, कारण परीक्षेच्या टेबलावर त्या नसणार होत्या. त्याऐवजी बोटं. डाव्या हाताचा अंगठा म्हणजे पहिला पाट, तर्जनी दुसरा, करंगळी शेवट. सुरुवात ऐकली की अंगठा, क्रियापद म्हणताना तर्जनी, मग लगेच करंगळी दाबून ठेवायची म्हणजे तिथे काहीतरी देणं बाकी आहे याची आठवण राहते. ‘ऑप’ विसरण्याचा तिचा रोग या करंगळीने गेला. मधे कितीही शब्द आले तरी करंगळी दाबलेली असायची.

पुन्हा चोवीस सुरुवाती दिल्या, पहिल्यापेक्षा वेगळ्या. या वेळी चार वाक्यांत क्रियापद चुकलं. त्यातली तीन आल्सची होती. पुढचे चार दिवस मग फक्त आल्स.

वेग मात्र मंद होता. एका वाक्याला आठ-दहा सेकंद, बोटं मोजत. भावाला ते खटकलं, “असं कुणी बोलतं का?” मी म्हटलं, तू शिकलास तेव्हाचं आठव. शिवाय छोटं वाक्य हळू बोललं तरी पुरं होतं. ‘इक नेम मेइन पासपोर्त मे’ हे पाच शब्द बोलायला किती वेळ लागतो?

वकिलातीतून बाहेर आल्यावर तिने फोन केला तो मराठीत, आणि पहिलं सांगितलं ते हे की एक सुरुवात ‘दारॉम’ने होती. दारॉम म्हणजे म्हणून. आम्ही हा शब्द सरावात घेतलाच नव्हता. “मग?” मी विचारलं. “मग काय, अंगठा दारॉमला दिला आणि तर्जनीवर ब्लेइफ टाकलं. दारॉम ब्लेइफ इक ताउस. करंगळीला काही नव्हतं, ती सोडली.”

निकाल काही आठवड्यांनी आला. बोलण्यात पास.

ती आली त्या दिवशी विमानतळाहून मला व्हॉइस मेसेज होता, मागे सामानाच्या पट्ट्याचा आवाज. “ताई, वेइ कोमन फानाफॉन्त...” मग दोन सेकंद शांतता. करंगळी दाबलेली असणार. “...लांख्स.”

लांख्सकोमन, म्हणजे घरी डोकावून जाणे. हे क्रियापद मी तिला शिकवलं नव्हतं.